बचत खात्यातला पैसा एम1 मध्ये धरायचा की एम3 मध्ये?

नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात मी बरीच वर्षं काढली. तिथे दर पंधरवड्याला रिझर्व्ह बँकेकडे जाणारं विवरणपत्र तयार करणं हे माझ्या टेबलावरचं काम होतं. त्या तक्त्यात दोन रकाने शेजारी शेजारी असत : बँकेने ग्राहकाला मागताच परत द्यायची ती मागणी देयता, आणि ठरलेल्या मुदतीनंतर द्यायची ती मुदत देयता. चालू खातं आलं की डोळे झाकून पहिल्या रकान्यात. मुदत ठेव आली की दुसऱ्या रकान्यात. बचत खात्याशी मात्र थांबावं लागायचं, कारण ती एकच रक्कम तोडून दोन्ही रकान्यांत टाकायची असे. देशात पैसा किती आहे, यावरच्या बातम्यांत एम1 आणि एम3 असे जे आकडे येतात, ते अशाच रकान्यांच्या बेरजांतून उभे राहतात. त्यामुळे ही मोजणी समजून घ्यायची असेल तर बचत खात्यापासून सुरुवात केलेली बरी.

आधी ढोबळ मांडणी बघू. रिझर्व्ह बँकेच्या एका कार्यगटाने 1977 साली घालून दिलेली चौकट आजही चालते. एम1 म्हणजे संकुचित पैसा. जनतेच्या हातातल्या नोटा आणि नाणी, बँकांमधल्या मागणी ठेवी, आणि रिझर्व्ह बँकेकडच्या 'इतर ठेवी' अशी तिघांची ही बेरीज. या इतर ठेवी म्हणजे परदेशी मध्यवर्ती बँका वगैरेंची शिल्लक. ती एकूण हिशेबात इतकी लहान असते की आपण तिला बाजूला ठेवू. एम3 म्हणजे विस्तृत पैसा : एम1 मध्ये बँकांच्या मुदत ठेवी मिळवल्या की झाला एम3. मधला एम2 आणि शेवटचा एम4 पोस्टाच्या ठेवींमुळे होतात. एम1 मध्ये पोस्टातली बचत खाती मिळवली की एम2, आणि एम3 मध्ये पोस्टाच्या सगळ्या ठेवी मिळवल्या (राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रं सोडून) की एम4. या दोघांचा वापर फारसा होत नाही. अर्थव्यवस्थेवर बोलणारा माणूस 'पैशाचा पुरवठा वाढला' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात जवळजवळ नेहमी एम3 असतो.

'जनतेच्या हातातल्या' हा शब्द नीट धरून ठेवा. बँकेच्या तिजोरीत पडलेल्या नोटा यात येत नाहीत. एटीएममध्ये भरलेल्या नोटाही येत नाहीत. तुम्ही कार्ड घालून दोन हजार काढलेत की त्या क्षणी त्या नोटा जनतेच्या हातातलं चलन होतात, आणि त्याच क्षणी तुमच्या खात्यातून दोन हजार कमी होतात. बँकेने ठेव मोजली आणि त्या ठेवीपोटी तिजोरीत असलेली नोटही मोजली, तर एकच पैसा दोनदा धरला जाईल. म्हणून हा नियम. एका बँकेने दुसऱ्या बँकेत ठेवलेली ठेवही याच कारणाने वगळतात. सरकारची रिझर्व्ह बँकेतली शिल्लकही या बेरजेबाहेर असते.

आता बचत खातं. चालू खात्यावर व्याज नाही आणि पैसे कधीही काढता येतात, म्हणून ते सरळ मागणी ठेव. मुदत ठेवीला मुदत आहे, म्हणून ती मुदत ठेव. बचत खात्यातून पैसे कधीही काढता येतात, पण त्यावर व्याजही मिळतं, आणि बहुतेक लोक त्यातला बराचसा पैसा महिनोन्‌महिने हलवत नाहीत. मग ते धरायचं कुठे? रिझर्व्ह बँकेने काढलेली वाट अशी : जो भाग खात्यात स्थिर बसून राहतो तो मुदत ठेवीसारखा, आणि जो भाग येतो-जातो तो मागणी ठेवीसारखा.

ही वाट जुन्या व्याजाच्या पद्धतीतून आली. 1 एप्रिल 2010 च्या आधी बचत खात्यावरचं व्याज रोजच्या शिल्लकीवर नव्हतं. महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी रक्कम असेल, तेवढ्यावरच व्याज. 'पैसे भरायचे तर दहा तारखेच्या आत भर, नाहीतर या महिन्याचं व्याज गेलं' हे वाक्य त्या काळच्या घराघरांत ऐकलेलं असेल. ज्या रकमेवर व्याज मिळतं ती मुदतीची, आणि वरची ये-जा मागणीची, हा तर्क त्या पद्धतीत चपखल बसत होता. 2010 पासून व्याज रोजच्या शिल्लकीवर आलं, पण ठेवीचे दोन भाग करण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने तसाच ठेवला.

तो नियम असा चालतो. सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर संपणारी सहामाही घ्यायची. त्यातल्या प्रत्येक महिन्याची किमान शिल्लक काढायची आणि सहा महिन्यांच्या किमान शिलकींची सरासरी करायची. ही झाली मुदत देयता. मग त्याच सहामाहीतल्या प्रत्यक्ष शिलकीची सरासरी काढायची आणि तिच्यातून आधीची रक्कम वजा करायची. उरलेली ती मागणी देयता. या दोहोंचं जे प्रमाण निघेल, ते पुढच्या सहामाहीतल्या प्रत्येक विवरणपत्रात वापरायचं.

एका पगारदाराच्या खात्यावर हे करून बघू. पहिल्या तारखेला पगार येतो, मग घरभाडं, हप्ता, वाणी, शाळेची फी असं करत महिनाअखेर खातं खाली येतं. समजा त्याच्या सहा महिन्यांच्या किमान शिलकी 8,000, 6,000, 9,000, 7,000, 5,000 आणि 7,000 आहेत. बेरीज 42,000, सरासरी 7,000. आणि महिनाभरात खात्यात प्रत्यक्ष सरासरीने 20,000 असतात. म्हणजे 7,000 मुदतीचे आणि 13,000 मागणीचे. एवढं एकच खातं असतं, तर बचत ठेवींपैकी 35 टक्के मुदतीत आणि 65 टक्के मागणीत गेले असते. पगारदाराचा पैसा बहुतांश हिंडता-फिरता असतो, त्यामुळे हे उत्तर पटण्यासारखंही आहे.

पण त्याच शाखेत एका आजींचंही खातं आहे. निवृत्तिवेतन येतं, थोडं काढलं जातं, बाकी पडून राहतं. त्यांची सरासरी शिल्लक 3,00,000 आणि किमान शिलकींची सरासरी 2,97,000. आता दोन्ही खाती मिळवा. सरासरी शिल्लक 3,20,000. किमान शिलकींची सरासरी 3,04,000. म्हणजे 95 टक्के मुदतीत आणि फक्त 5 टक्के मागणीत.

विवरणपत्र भरायला नवीन लागलेल्या माणसाला इथे नेहमी धक्का बसतो. दोन खाती, दोघांच्या सवयी अगदी वेगळ्या, पण जास्त शिल्लक असलेलं संथ खातं सगळ्या प्रमाणाला आपल्याकडे ओढून घेतं. पगारदाराने पहिल्या तारखेला मिळालेल्या पैशातून संध्याकाळी भाजीवाल्याला यूपीआयने दिलेले 80 रुपयेही त्या तक्त्यात 95 टक्के मुदत ठेव म्हणूनच बसलेले असतात. बचत खात्यातला पैसा एम1 मध्ये पुरेसा दिसत नाही, त्याचं कारण हेच. तो खर्चता येत नाही असं मुळीच नाही.

हा हिशेबाचा संकेत आहे, एवढं पक्कं लक्षात आलं की पुढच्या दोन गोष्टी सोप्या होतात.

पहिली गोष्ट : नोट खात्यात भरली की काय होतं. समजा घरातल्या डब्यात 1,00,000 रुपयांच्या नोटा होत्या आणि त्या कोणी आपल्या बचत खात्यात भरल्या. जनतेच्या हातातलं चलन एक लाखाने कमी झालं, बँक ठेवी एक लाखाने वाढल्या. एम3 मध्ये चलनही आहे आणि सगळ्या ठेवीही आहेत, त्यामुळे एम3 जागच्या जागी. पण एम1? आधी तो लाख रुपये पूर्णच्या पूर्ण एम1 मध्ये होता, कारण नोट म्हणजे एम1. आता वरच्या 95-5 च्या प्रमाणाने त्यातले फक्त 5,000 एम1 मध्ये उरले. एम1 तब्बल 95,000 ने खाली आला, आणि देशातला एक रुपयाही नाहीसा झालेला नाही. तीच रक्कम चालू खात्यात भरली असती, तर एम1 हलला नसता.

हे देशपातळीवर घडलं ते 2016 मध्ये. 8 नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या. चलनाच्या किमतीच्या सुमारे 86 टक्के नोटा याच होत्या. तेव्हा चलनात एकूण सुमारे 18 लाख कोटी रुपये होते. जानेवारी 2017 च्या सुरुवातीला ते सुमारे 9 लाख कोटींवर आले. निम्मं चलन दोन महिन्यांत गेलं. बाद झालेल्या सुमारे 15.41 लाख कोटींच्या नोटांपैकी 15.31 लाख कोटींच्या नोटा अखेर बँकांमार्फत परत आल्या, असं रिझर्व्ह बँकेने पुढे जाहीर केलं. म्हणजे जवळजवळ सगळा पैसा ठेवींत आला. एम3 ची वाढ मंदावली, पण मागच्या वर्षाशी ताडून पाहिलं तर एम3 आटला नाही. एम1 मात्र मागच्या वर्षापेक्षा खाली गेला. त्या दिवसांत 'देशातला पैसा कमी झाला' म्हणणारे आणि 'पैसा कुठेही गेलेला नाही' म्हणणारे, दोघेही आकडे दाखवत होते, आणि दोघांचेही आकडे खरे होते. फक्त एकाच्या हातात एम1 होता आणि दुसऱ्याच्या हातात एम3.

त्यातही एक बारीक मुद्दा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बचत खात्यांत जो लोंढा आला, त्याला लावलं गेलेलं प्रमाण एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीतलं होतं. नियमच तसा : आधीच्या सहामाहीचं प्रमाण पुढच्या सहामाहीला. म्हणजे लोक जे पैसे मर्यादा उठेल तसे काढायला टपून बसले होते, त्यांनाही शांत काळातल्या सवयींचंच माप लागलं. तेव्हा आठवड्याला 24,000 रुपयेच काढता येत होते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपला पैसा मुदत ठेवीसारखा बसवून ठेवल्यासारखा वाटत होता, आणि तक्त्यातही तो बहुतांश मुदतीतच होता. दोन्हींची कारणं वेगळी, पण चित्र एकच दिसत होतं.

दुसरी गोष्ट : एम3 वाढतो कसा, हा प्रश्न उरतो. नोट भरून वाढत नाही, काढून घटत नाही. तो वाढण्याचा मोठा रस्ता म्हणजे कर्ज. एक शेतकरी ट्रॅक्टरसाठी 6,00,000 चं कर्ज घेतो. बँक शेतकऱ्याच्या नावे सहा लाखांचं कर्ज लिहिते आणि ट्रॅक्टर विकणाऱ्या डीलरच्या चालू खात्यात सहा लाख जमा करते. कोणाच्याही खात्यातून ही रक्कम वजा झालेली नाही. डीलरची ठेव नवी आहे. चालू खातं असल्यामुळे ती पूर्ण एम1 मध्ये, म्हणून एम3 मध्येही. दोन्ही सहा लाखांनी वाढले. पुढे डीलरने त्यातले चार लाख एका वर्षाच्या मुदत ठेवीत टाकले, तर एम1 चार लाखांनी खाली येईल, एम3 तसाच राहील. आणि शेतकरी हंगामाला हप्ता भरेल तेव्हा त्याच्या खात्यातली ठेव तेवढी नाहीशी होईल, म्हणजे एम3 कमी होईल. कर्ज देताना पैसा जन्माला येतो आणि मुद्दल फेडताना तो मरतो, असं म्हटलं तर ते जमाखर्चाच्या दृष्टीने शब्दशः खरं आहे. अर्थात बँक मन मानेल तेवढी कर्जं देऊ शकत नाही. डीलरने ते पैसे दुसऱ्या बँकेत वळवले, तर पहिल्या बँकेला रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या शिलकीतून ते चुकते करावे लागतात. ठेवींचा ठरलेला हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवायला लावणारं रोख राखीव प्रमाण, भांडवलाच्या अटी, आणि घेणारा परत करील का हा प्रश्न, हे सगळे लगाम आहेतच.

बाजारपेठेत आणखी एक घोटाळा नेहमी होतो, तो कॅश क्रेडिटचा, म्हणजे मंजूर मर्यादेपर्यंत लागेल तसं कर्ज उचलण्याच्या सोयीचा. व्यापाऱ्याला दहा लाखांची सीसी मर्यादा मंजूर झाली की तो म्हणतो, 'माझ्याकडे दहा लाख आहेत.' मोजणीच्या दृष्टीने त्याच्याकडे काहीच नाही. त्याने चार लाख उचलून माल घेतला, तर मालवाल्याच्या खात्यात चार लाखांची ठेव झाली आणि तेवढाच पैसा वाढला. न उचललेले सहा लाख एम1 मध्ये नाहीत आणि एम3 मध्येही नाहीत.

आता या मोजणीची कुंपणं बघू, कारण आकडे फसवतात ते तिथेच. एम3 मध्ये ठेव येते ती बँकेतली : व्यापारी बँका आणि सहकारी बँका. महाराष्ट्रात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. त्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या संस्था आहेत, बँका नाहीत. पिग्मी एजंटाकडे तुम्ही रोज शंभर रुपये देता ती ठेव एम3 मध्ये धरली जात नाही. पतसंस्थेने गोळा झालेली रक्कम जिल्हा बँकेत ठेवली, तर तिथली ती ठेव धरली जाते. म्हणून दोनदा मोजणी होत नाही, हे खरं. पण त्याच पतसंस्थेने दुकानदाराला कर्ज दिलं आणि त्या बळावर गावात व्यवहार झाले, तर पिग्मीदाराच्या पुस्तकातली शिल्लक वाढूनही एम3 ला त्याचा पत्ता लागत नाही. पिग्मीदार मात्र ती शिल्लक आपला पैसाच समजतो, आणि लग्नकार्याला काढायला जातो. (पतसंस्थेतल्या ठेवीला बँक ठेवीसारखं ठेव विमा महामंडळाचं संरक्षणही नसतं. विषय वेगळा आहे, पण ठेवीदाराने हा फरक जाणूनच पैसे ठेवावेत असं मला कळकळीने वाटतं.)

कुंपण हललं की आकडा कसा हलतो हे 1 जुलै 2023 रोजी दिसलं. एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी कंपनी त्या दिवशी एचडीएफसी बँकेत विलीन झाली. कंपनीकडे लोकांच्या ठेवी होत्याच, पण ती बँक नसल्यामुळे त्या एम3 च्या बाहेर होत्या. विलीनीकरणानंतर त्याच ठेवी बँकेच्या झाल्या आणि मोजणीत आल्या. ठेवीदार तोच, रक्कम तीच, तरी बँक ठेवींचा आकडा चढला. त्यानंतर वर्षभर रिझर्व्ह बँक वाढीचे दर विलीनीकरण धरून आणि वगळून असे दोन्ही देत होती. त्या काळातली तुलना करताना कोणता दर घेतला आहे, हे बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

बचत खात्याच्या रकान्याबाबत अमेरिकेने मात्र वेगळी वाट धरली. तिथे बचत खात्यातून महिन्याला सहाच वेळा सोयीस्करपणे पैसे काढता येत. एप्रिल 2020 मध्ये ही मर्यादा उठवली, आणि बचत खातं आता चालू खात्यासारखंच झालं म्हणून मे 2020 पासून तिथल्या मध्यवर्ती बँकेने सगळ्या बचत ठेवी एम1 मध्ये धरायला सुरुवात केली. एम1 चा आकडा एका महिन्यात 5 लाख कोटी डॉलरच्या आतून 16 लाख कोटी डॉलरच्या वर गेला. त्याचा आलेख पाहिला तर वाटतं, एका रात्रीत तिप्पट नोटा छापल्या. त्या काळात पैसा खरोखरही वाढत होता, पण ती उभी भिंत बहुतांश रकाना बदलल्याची आहे.

आपल्याकडे यूपीआयने बचत खातं चालू खात्याच्या फार जवळ आणलं आहे, तरी आपला नियम किमान शिलकीचाच आहे. म्हणून भारताचा एम1 आणि अमेरिकेचा एम1 शेजारी ठेवून कोणी 'त्यांच्याकडे हिंडता पैसा किती आणि आपल्याकडे किती' असं म्हणायला लागलं, तर आधी विचारावं : बचत खाती कुठे धरली आहेत? आपल्याच दोन वर्षांची तुलना असेल, तर एम1 च्या आत चलन किती आणि मागणी ठेवी किती हे वेगळं काढून बघावं. चलन घटलं आणि मुदत ठेवी त्याच सुमाराने वाढल्या, तर पैसा फक्त डब्यातून पासबुकात गेला आहे. चलनही तसंच आणि ठेवीही वाढल्या, तर बँकांनी दिलेल्या कर्जाचा आकडा त्याच पंधरवड्याच्या तक्त्यात काही ओळी खाली सापडतो, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.